‘तुंब्यानं हाणलं’: एका उत्तराभोवती खटल्याची डायरी आणि अहवाल कसा लिहावा

एलएल.बी.च्या शेवटच्या टप्प्यात मूट कोर्ट आणि इंटर्नशिपचा १०० गुणांचा पेपर असतो. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत त्याची विभागणी दिलेली आहे: ३० गुण मूट कोर्टाला, ३० गुण दोन खटले प्रत्यक्ष पाहून लिहिण्याला (एक दिवाणी, एक फौजदारी), ३० गुण पक्षकाराची मुलाखत आणि दावा दाखल करण्याच्या तयारीच्या डायरीला, आणि १० गुण तोंडी परीक्षेला. या लेखात फक्त दुसऱ्या भागाचा, त्यातही फौजदारी खटल्याचा विचार केला आहे. सगळ्यात जास्त नक्कल तिथेच होते.

‘अकरा वाजता कामकाज सुरू झाले. पुकारा झाला. साक्षीदाराने शपथ घेतली. सरतपास झाला. उलटतपास झाला. पुढील तारीख देण्यात आली.’ हे पान कुठल्याही खटल्याला चालतं, आणि तोच त्याचा दोष आहे. परीक्षक तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारतात, ‘उलटतपासात काय निष्पन्न झालं?’ इथे विद्यार्थी गप्प होतो, कारण त्याने टप्पे पाहिलेले असतात, पण खटला नेमका कशावर अडला आहे ते ऐकलेलं नसतं. ते ऐकायचं कसं आणि लिहायचं कसं, हे एकाच उदाहरणातून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण तालुक्याच्या कोर्टात रोज चालतं तसंच.

खटला

जून २०२३, पेरणीचे दिवस. दोन शेजारी वावरांच्या मधल्या धुऱ्यावरून भांडण झालं. फिर्यादीचं म्हणणं असं की आरोपी क्र. १ ने कुऱ्हाडीने मारलं आणि आरोपी क्र. २ ने धरून ठेवलं. गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ आणि ३४ खाली दाखल झाला. त्याच वर्षी दोषारोपपत्र आलं, आणि खटला तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नियमित फौजदारी खटला म्हणून सुरू आहे.

पहिली चूक इथेच होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले, म्हणून विद्यार्थी सगळीकडे नवी कलमं टाकून मोकळा होतो. गुन्हा घडला तेव्हा जो कायदा होता तोच गुन्ह्याला लागतो, म्हणून इथे दंड संहिताच. शिवाय हा खटला १ जुलै २०२४ ला प्रलंबित होता. नव्या कायद्यांतल्या व्यावृत्तीच्या तरतुदींप्रमाणे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३१ आणि साक्ष अधिनियमाचं कलम १७०) असा खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि १८७२ च्या पुरावा कायद्यानेच चालतो. अहवालाच्या पहिल्या पानावर घटनेची तारीख, दोषारोपपत्राची तारीख आणि लागू कायदा या तीन गोष्टी लिहिल्या की हा गोंधळ संपतो. तुमच्या खटल्यातली घटना १ जुलै २०२४ ची किंवा त्यानंतरची असेल तर अर्थातच तिन्ही नवे कायदे.

कोर्टात जाण्याच्या आदल्या दिवशी

अर्धं काम कोर्टाबाहेर होतं. ज्या वकिलांकडे इंटर्नशिप सुरू आहे त्यांच्याकडे असा खटला मागा, ज्यात दोषारोप ठेवून झाला आहे आणि साक्षीपुरावा सुरू व्हायचा आहे. साक्षीदार पाच-सहाच असलेले बरे. मग त्यांच्या फायलीतले फक्त चार कागद वाचा: फिर्याद, दोषारोप, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि साक्षीदारांची यादी. सगळं दोषारोपपत्र वाचायची गरज नाही. पण हे चार कागद न वाचता कोर्टात बसलात, तर साक्षीदार मूळ फिर्यादीपेक्षा वेगळं काय बोलला हे कळणारच नाही.

कागद वाचताना वहीत गुन्ह्याचे घटक लिहा. कलम ३२४ साठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: दुखापत इच्छापूर्वक केली, आणि ती कायद्याने सांगितलेल्या साधनाने केली, म्हणजे भोसकण्याचं किंवा कापण्याचं हत्यार, किंवा शस्त्र म्हणून वापरलं तर मृत्यू येऊ शकेल अशी वस्तू. साधन सिद्ध झालं नाही तर उरतं कलम ३२३, साधी दुखापत. ३२४ ला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर ३२३ ला एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे हा खटला ‘मारलं की नाही’ इतकाच नाही, ‘कशाने मारलं’ यावरही उभा आहे. हे वहीत आधीच लिहिलेलं असेल तर उलटतपासातला नेमका प्रश्न कानातून सुटत नाही.

लैंगिक गुन्ह्यांचे खटले या कामासाठी निवडू नका. ते बंद दालनात चालतात, आणि पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

जाण्याआधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून तारीख बघा. तरीही साक्षीदार येईलच याची खात्री नाही. सोयाबीन काढणीला आलं किंवा कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, अशा दिवसांत साक्षीदार गैरहजर राहतो आणि तारीख पुढे जाते. तो दिवस वाया गेला असं समजू नका. गैरहजेरीवर कोर्टाने काय केलं, पुन्हा समन्स काढलं की जामीनपात्र वॉरंट, हे रोजनाम्यात येतं आणि तुमच्या डायरीतही यायला हवं. एका साक्षीसाठी किती तारखा लागल्या, ही खटल्याबद्दलची खरी माहिती आहे.

डाव्या पानावर ऐकलेलं, उजव्या पानावर आपलं

कोर्टात गेल्यावर कॉलेजचं पत्र बेंच क्लार्कना दाखवा, मोबाइल बंद करा आणि जिथून साक्षीदाराचा आवाज येतो तिथे मागच्या बाकावर बसा. वही उघडी ठेवायची ती दोन पानांची. डाव्या पानावर फक्त जे कानावर पडलं आणि डोळ्यांनी दिसलं ते. उजव्या पानावर तुमचा विचार, कायद्याचं कलम, शंका. ही फारकत नुसत्या टापटिपीसाठी नाही. संध्याकाळी घरी बसून लिहिताना आपला अंदाज आणि साक्षीदाराचे शब्द असे मिसळतात की दोन दिवसांनी आपल्यालाच ओळखता येत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही प्रश्न आणि उत्तर ऐकता, पण कोर्टाच्या नोंदीत साधारणपणे प्रश्नोत्तरं नसतात. न्यायाधीश दोन्ही मिळून एक सलग विधान लिहवून घेतात. त्यामुळे साक्षीदार वऱ्हाडीत जे बोलला आणि टंकलेखकाच्या कागदावर जे उतरलं, त्यात फरक पडतो. डाव्या पानावर दोन्ही लिहा. न्यायाधीश लिहवून देताना मोठ्याने बोलतात, तेव्हा ते ऐकू येतं.

आपल्या खटल्यातलं डावं पान असं दिसेल:

‘अभियोग साक्षीदार क्र. १, फिर्यादी. सरतपास. सरकारी वकील: कशानं मारलं? साक्षीदार: त्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं माह्या डाव्या हातावर हाणलं. दुसऱ्यानं मले मागून धरलं होतं. फिर्याद दाखवली, सही कबूल, निशाणी क्रमांक मिळाला. कुऱ्हाड दाखवली नाही.

उलटतपास. बचाव वकील: फिर्यादीत तुंबा हा शब्द नाही. साक्षीदार: म्या सांगतलं होतं. पोलिसायनं काऊन नाही लिहिलं, मले नाही माहीत. नोंदीत आलं: मी फिर्याद देताना सदर बाब सांगितली होती, ती का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही. बचाव वकील: धुऱ्यावरच्या दगडावर पडून तुम्हाला लागलं. साक्षीदार: नाही. नोंदीत आलं: हे म्हणणे खरे नाही की, मी दगडावर पडून जखमी झालो.’

इतकंच. ‘साक्षीदार घाबरला’ असं डाव्या पानावर लिहायचं नाही. ‘उत्तर देण्याआधी दोनदा आरोपीकडे पाहिलं’ असं लिहायचं. घाबरला हा निष्कर्ष आहे, पाहिलं हे निरीक्षण. निष्कर्ष काढायचाच असेल तर त्याला उजवं पान आहे.

सूचना म्हणजे पुरावा नव्हे

अहवालांत सर्रास वाचायला मिळणारं वाक्य म्हणजे, ‘बचाव पक्षाच्या वकिलांनी फिर्यादी दगडावर पडल्याचे सिद्ध केले.’ वरच्या नोंदीत असं काहीही नाही. वकिलांनी ते साक्षीदाराला सुचवलं, साक्षीदाराने नाकारलं. नाकारलेली सूचना पुरावा होत नाही, तिच्यातून फक्त बचावाची भूमिका कळते. नोंदीतल्या वाक्याची सुरुवात बघायची सवय लावा. ‘हे म्हणणे खरे आहे की’ अशी सुरुवात असेल तर कबुली आहे, आणि ती अहवालात वजनाने मांडायची. ‘हे म्हणणे खरे नाही की’ असेल तर नकार. ‘मला आठवत नाही’ हे तिसरंच आहे, त्याला होकार किंवा नकार समजू नका.

तुंबा या शब्दाने काय बदललं

आता अहवालाचा गाभा. वऱ्हाडात कुऱ्हाडीच्या पात्यामागच्या बोथट, जाड बाजूला तुंबा म्हणतात. फिर्यादीत नुसतं ‘कुऱ्हाडीने मारून जखमी केले’ असं आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रात डाव्या हातावर मुका मार, कापल्याची जखम नाही, आणि साधनापुढे ‘कठीण व बोथट वस्तू’. म्हणजे फिर्याद आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवलं तर ते जुळत नाही: कुऱ्हाडीने मारलं तर कापायला हवं होतं. आणि कोर्टातली साक्ष घेतली तर सगळं जुळतं. बचाव वकिलांनी बोट ठेवलं ते इथेच. त्यांचं म्हणणं असं होणार की तुंबा ही नंतरची सुधारणा आहे, प्रमाणपत्र बघून साक्ष त्यात बसवली.

पहिल्या मसुद्यात विद्यार्थी लिहितो, ‘साक्षीत विसंगती आढळल्याने साक्षीदार विश्वासार्ह नाही.’ हे घाईचं आहे. इथे साक्षीदाराने आधीच्या विधानाच्या उलट काही सांगितलेलं नाही, आधी न आलेला तपशील सांगितला आहे. पहिली विसंगती, दुसरी वगळणूक. आधीच्या लेखी विधानावरून साक्षीदाराला खोडायची पद्धत पुरावा कायद्याच्या कलम १४५ मध्ये आहे: त्याला तो भाग दाखवून स्पष्टीकरणाची संधी द्यावी लागते. वगळणूकही विसंगती ठरू शकते, पण ती महत्त्वाची असेल तर. पोलिसांनी कलम १६१ खाली घेतलेल्या जबाबाबाबत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ च्या स्पष्टीकरणात हेच सांगितलं आहे, आणि तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५९ च्या निकालात, हे स्पष्टीकरण कायद्यात येण्याआधीच, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची विस्ताराने चर्चा केली आहे. अहवालात हा एक निकाल नीट वाचून वापरला तर पुरे.

फिर्याद आणि कलम १६१ चा जबाब हे दोन वेगळे कागद आहेत, हेही लक्षात ठेवा. जबाबावर साक्षीदाराची सही नसते, आणि सरकारी साक्षीदाराला खोडण्यापलीकडे त्याचा खटल्यात जवळपास उपयोग नसतो. फिर्यादीच्या कागदावर मात्र ती देणाऱ्याची सही असते, आणि फिर्याद त्याच्या साक्षीला दुजोरा द्यायलाही वापरता येते. प्रश्न कोणत्या कागदावरून विचारला गेला हे डाव्या पानावर नसेल, तर पुढचं विश्लेषण हवेत राहतं.

आता प्रश्न राहतो तो असा की तुंबा हा शब्द फिर्यादी बोललाच नव्हता, की बोलला आणि लिहिणाऱ्याने ‘कुऱ्हाडीने’ असं करून टाकलं? फिर्यादी म्हणतो सांगितलं होतं. म्हणजे हे फिर्याद नोंदवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या साक्षीत उकलणार. बचाव वकील त्याला विचारतील, ‘फिर्यादीने तुंबा असं सांगितलं होतं का?’ तो ‘नाही’ म्हणाला तर वगळणूक सिद्ध झाली. त्याला विचारलंच नाही, तर फिर्यादीच्या उलटतपासातला तो मुद्दा अर्धवट राहिला. म्हणून फक्त फिर्यादीच्या तारखेला जाऊन अहवाल लिहिता येत नाही. निदान तीन तारखा धरा: फिर्यादी, डॉक्टर आणि तपास अधिकारी.

डॉक्टरांच्या तारखेला हमखास एक उत्तर येतं. ‘अशी जखम कठीण पृष्ठभागावर पडल्याने होऊ शकते का?’ ‘होऊ शकते.’ उजव्या पानावर विद्यार्थी लगेच लिहितो, ‘केस गेली.’ डॉक्टरांनी शक्यता सांगितली, घटना सांगितली नाही. त्या शक्यतेला बाकीच्या पुराव्यात आधार आहे का, म्हणजे घटनास्थळ पंचनाम्यात धुऱ्यावर दगड नमूद आहेत का, हे बघायचं. आणखी एक बघायचं: जप्त केलेली कुऱ्हाड डॉक्टरांना दाखवून, ‘हिच्या तुंब्याने अशी जखम होईल का,’ हे सरकारी वकिलांनी विचारलं का? फिर्यादीलाही ती दाखवली नव्हती, हे आपल्या डाव्या पानावर आहे. मुद्देमाल कोर्टात असूनही कुणालाच न दाखवणं ही सरकार पक्षाची खरी उणीव आहे, आणि ती पकडणारा अहवाल परीक्षकाच्या नजरेत भरतो.

याच्यापुढे कायद्याचा एक प्रश्न उरतो. तुंब्याने मारलं हे खरं धरलं तरी कलम ३२४ लागतं का? एक बाजू म्हणेल की कुऱ्हाड हे कापण्याचं हत्यार आहे, कुठली बाजू वापरली त्याने फरक पडत नाही, शिवाय तुंबाही डोक्यात बसला तर जीव जाऊ शकतो. दुसरी बाजू म्हणेल की कापण्यासाठी ते वापरलंच नाही, मार हातावर आहे, दुखापत साधी आहे. दोन्ही बाजू एकेका परिच्छेदात मांडा आणि मग तुम्हाला कोणती पटते ते कारणासह लिहा. उत्तर चुकलं तरी चालेल, कारण नसलेलं चालत नाही.

आरोपी क्र. २ चं ‘मागून धरलं’ हे वाक्य याच कसोटीवर तुम्ही स्वतः तपासा. ते फिर्यादीत आहे. फिर्यादीत नसतं, तर काय झालं असतं? कलम ३४ त्या एका वाक्यावर टांगलेलं आहे.

आत्मचिंतनाचा भाग

‘खूप काही शिकायला मिळाले, न्यायव्यवस्थेबद्दल आदर वाढला’ हे वाक्य गाळा. चिंतन म्हणजे आपली समजूत कुठे बदलली त्याची नोंद. आधी काय वाटत होतं, काय घडलं, फरक का पडला, आणि तो तपासायला काय केलं, या क्रमाने लिहिलं की ते आपोआप खरं होतं. वरच्या खटल्यावर ते असं येईल:

‘फिर्याद वाचून मला वाटलं होतं की वैद्यकीय पुरावा फिर्यादीच्या विरोधात आहे. तुंबा हा शब्द ऐकल्यावर लक्षात आलं की मी कुऱ्हाड म्हणजे पातं असं धरून चाललो होतो. हीच समजूत फिर्याद लिहिणाऱ्याचीही असू शकते. नोंदीत वावराचं शेत आणि धुऱ्याचा बांध झाला, त्याने खटल्याला धक्का लागला नाही, पण तुंबा गळला असता तर लागला असता. तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत हा प्रश्न येतो का, हे पाहण्यासाठी पुढच्या तारखेला गेलो. आला नाही.’

सहा-सात वाक्यंच आहेत, पण ती दुसऱ्या कुणाच्या जर्नलमध्ये चिकटवता येत नाहीत. बोली आणि नोंद यांच्यातला हा फरक विदर्भातल्या खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला जितका पटकन ऐकू येतो, तितका इतरांना येत नाही. त्याचा उपयोग करा.

अहवाल जुळवताना

संपूर्ण अहवाल आठ ते दहा हस्तलिखित पानांचा पुरेसा होतो. खटल्याची ओळख आणि लागू कायदा एका पानात, प्रत्येक तारखेची नोंद अर्ध्या पानात, आणि निम्मी पानं विश्लेषणाला. प्रक्रियेचे टप्पे पुस्तकातून उतरवू नका. आरोपीचा कलम ३१३ खालचा जबाब ऐकायला मिळाला, तर मात्र तो सविस्तर लिहा: साक्षीत आलेल्या कोणत्या गोष्टी आरोपीला विचारल्या आणि कोणत्या राहून गेल्या. न विचारलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरण्यात अडचण येते.

दिवाणी खटल्याची डायरी लिहिताना एकच फरक लक्षात ठेवा. तिथे सरतपास प्रतिज्ञापत्रावर दाखल होतो, कोर्टात तुम्हाला फक्त उलटतपास ऐकू येतो. म्हणून प्रतिज्ञापत्र आणि काढलेले मुद्दे आधी वाचलेले हवेत, नाहीतर प्रश्नांचा संदर्भच लागत नाही.

नावं लिहू नका. फिर्यादी, आरोपी क्र. १, साक्षीदार क्र. ३ असंच लिहा, गावाचं नावही गाळा. तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि जर्नल कॉलेजमध्ये अनेकांच्या हातातून जातं. साक्षीदाराशी कोर्टाच्या आवारात खटल्याबद्दल बोलू नका, चहाच्या टपरीवरसुद्धा नाही. पुढच्या तारखेला त्याला उलटतपासात विचारलं जाऊ शकतं की कुणाशी बोललास, आणि तुमच्यामुळे त्याची साक्ष अडचणीत येईल.

जर्नल जमा करायची तारीख येईपर्यंत निकाल लागलेला नसतोच बहुधा. मग निकाल रचू नका. ‘अहवाल लिहीपर्यंत खटला तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासाच्या टप्प्यावर’ असं लिहा, पुढची तारीख द्या, आणि तुंब्याचा मुद्दा अंतिम युक्तिवादात दोन्ही बाजू कसा मांडतील याचा अंदाज एका परिच्छेदात बांधा. निकाल लागल्यावर तो ई-कोर्ट्सवर उघडून तुमचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा.